स्ट्रेस मॅट्रिक्स हातात आलं, आता पुढे? आयगेनव्हॅल्यू आणि मोहरचं वर्तुळ एकाच उदाहरणातून

कॉलेजात तोंडी परीक्षेत मी फळ्यावर मोहरचं वर्तुळ व्यवस्थित काढलं होतं. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: "प्रतल तीस अंश फिरलं की वर्तुळावरचा बिंदू साठ अंश का फिरतो?" मी म्हणालो, "सूत्रात 2θ आहे म्हणून." त्यांनी मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. आयगेनव्हॅल्यू मला गणिताच्या पेपरात काढता यायच्या, वर्तुळ मेकॅनिक्सच्या पेपरात काढता यायचं, पण दोन्ही एकच गोष्ट आहेत हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागली. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हा लेख.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच उदाहरण घेऊ. आकडे मुद्दाम सोपे निवडलेत, कारण पहिल्यांदा शिकताना दशांशांशी झगडण्यात डोकं खर्च होऊ नये.

काय लागेल: आलेखाचा कागद, कंपास, कोनमापक, साधा कॅल्क्युलेटर. शेवटच्या पडताळणीसाठी पायथन आणि नमपाय असलेला संगणक, पण तो नसला तरी चालेल. गणितातलं २×२ मॅट्रिक्सला व्हेक्टरने गुणणं आणि वर्गसमीकरण सोडवणं एवढं यायला हवं.

## १. मॅट्रिक्स लिहा, आणि चिन्हं आत्ताच पक्की करा

समजा एका प्लेटच्या मोकळ्या पृष्ठभागावरचा एक ठिपका घेतलाय. तिथे x दिशेला ९० मेगापास्कल ओढ आहे, y दिशेला ३० मेगापास्कल ओढ आहे, आणि शिअर ४० मेगापास्कल आहे. पृष्ठभागाला बाहेरून कशाचाही स्पर्श नाही, म्हणून z दिशेचं सगळं शून्य.

```
    | 90  40   0 |
S = | 40  30   0 |
    |  0   0   0 |
```

आडव्या ओळी आणि उभ्या ओळी सारख्याच दिसतात, म्हणजे मॅट्रिक्स सममित आहे. हा योगायोग नाही. ठिपक्याच्या जागी x आणि y ला समांतर बाजूंचा एक इवलासा चौकोन कल्पा. दोन्ही ४० सारखे नसते तर तो चौकोन स्वतःभोवती गरगर फिरायला लागला असता. म्हणून सॉफ्टवेअरमधून आलेलं मॅट्रिक्स सममित नसेल तर पुढे जाऊ नका, आकडे उतरवताना चूक झाली आहे.

चिन्हांचा नियम असा घ्या: ओढ धन, दाब ऋण. शिअरसाठी, उजव्या बाजूच्या पृष्ठावर वरच्या दिशेने लागणारा शिअर धन. गणितातल्या मॅट्रिक्सला हाच नियम मानवतो. वर्तुळ काढताना काही पुस्तकं दुसराच नियम वापरतात, त्याची भानगड चौथ्या पायरीत पाहू.

z ची ओळ आणि स्तंभ पूर्ण शून्य असल्यामुळे सध्या आपण वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या २×२ भागावरच काम करणार आहोत. त्या तिसऱ्या शून्याला मात्र विसरू नका. ते परत येणार आहे, आणि उत्तर बदलून जाणार आहे.

## २. प्रतल फिरवणं म्हणजे मॅट्रिक्सला लंबाने गुणणं

त्या ठिपक्यातून तुम्ही मनातल्या मनात एक काप घेता. कापाची दिशा सांगायची तर त्याचा लंब सांगायचा: x अक्षापासून θ कोनात असलेला, एक लांबीचा व्हेक्टर n. मॅट्रिक्सने n ला गुणलं की त्या कापावर दर एकक क्षेत्रफळाला किती बल येतं आणि कोणत्या दिशेने, ते मिळतं. याला ट्रॅक्शन म्हणतात, आपण त्याला t म्हणू. कोशीने १८२० च्या दशकात मांडलेली ही कल्पना म्हणजे या सगळ्या विषयाचा पाया आहे.

४५ अंशांचा काप घेऊन पाहू.

```
n = (0.707, 0.707)
t = S n = (91.9, 49.5)
```

हा t आता कापाच्या भाषेत सांगायचा. लंबाच्या दिशेने त्याचा किती भाग आहे, तो नॉर्मल स्ट्रेस. आणि कापाच्या अंगाने किती, तो शिअर. कापाच्या अंगाची दिशा म्हणजे n ला घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवून मिळणारा s, इथे (−0.707, 0.707).

```
σ = n · t = 100
τ = s · t = -30
```

म्हणजे ४५ अंशांच्या कापावर १०० मेगापास्कल ओढ आहे आणि ३० मेगापास्कल शिअर, तोही s च्या उलट दिशेने. हे दोन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे हेच वर्तुळावर सापडले पाहिजेत.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की n आणि t सहसा एका रेषेत नसतात. n ४५ अंशांना आहे, पण t साधारण २८ अंशांना झुकलाय. शिअर येतो तो या तिरपेपणामुळेच.

## ३. आयगेनव्हॅल्यू: जिथे तिरपेपणा संपतो

मग असा काप आहे का, की ज्यावर t अगदी n च्याच रेषेत येतो? तिथे शिअर शून्य असेल आणि सगळं बल लंबाच्या दिशेने असेल. गणिताच्या भाषेत लिहिलं की S n = λ n. ही आयगेनव्हॅल्यूची व्याख्याच झाली. प्रिन्सिपल स्ट्रेस म्हणजे आयगेनव्हॅल्यू, आणि प्रिन्सिपल प्रतलाचा लंब म्हणजे आयगेनव्हेक्टर. वेगळं काही सिद्ध करायचं उरतच नाही.

२×२ मॅट्रिक्ससाठी समीकरण असं येतं:

```
λ² - (90 + 30) λ + (90·30 - 40·40) = 0
λ² - 120 λ + 1100 = 0
λ = 60 ± √(60² - 1100) = 60 ± 50
```

उत्तरं ११० आणि १०. आता शेवटच्या ओळीकडे पुन्हा एकदा नीट बघा. बहुतेक जण 'सोडवलं, झालं' म्हणून पुढे जातात, मीही तेच करायचो. ६० म्हणजे कर्णावरच्या दोन आकड्यांच्या बेरजेचा निम्मा. ५० म्हणजे त्याच्या वर्गातून निश्चयक वजा करून काढलेलं वर्गमूळ. आधी ६० वर उभं राहायचं आणि मग दोन्ही बाजूंना ५० जायचं, असं हे समीकरण सांगतंय. एक मध्य आणि एक अंतर. वर्तुळाचं केंद्र आणि त्रिज्या तुमच्या समोरच आहेत.

दिशा काढायला ११० परत मॅट्रिक्समध्ये घाला. पहिली ओळ −20·n₁ + 40·n₂ = 0 देते, म्हणजे n₁ हा n₂ च्या दुप्पट. दिशा झाली (2, 1), x अक्षापासून २६.५७ अंश. पडताळा घ्यायचा असेल तर मॅट्रिक्सने (2, 1) ला गुणा. (220, 110) येतं, म्हणजे बरोबर ११० पट. १० ची दिशा याला काटकोनात, (1, −2).

## ४. वर्तुळ काढा

आडव्या अक्षावर नॉर्मल स्ट्रेस, उभ्या अक्षावर शिअर. दोन्हींची मोजपट्टी एकच ठेवा. ती वेगळी झाली तर वर्तुळाऐवजी अंडं येतं आणि कोन मोजण्याला अर्थ राहत नाही.

x पृष्ठाचा बिंदू X ठेवा: (90, 40). y पृष्ठाचा बिंदू Y: (30, −40). Y मध्ये उणे का? कारण y पृष्ठाचा लंब वरच्या दिशेने आहे, त्याला ९० अंश फिरवून मिळणारा s डावीकडे जातो, आणि तिथला शिअर उजवीकडे आहे. दोन्ही बिंदू जोडणारी रेषा आडव्या अक्षाला ६० वर छेदते. ते केंद्र. केंद्रापासून X पर्यंतचं अंतर म्हणजे ३० आणि ४० बाजू असलेल्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, ५०. तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. ते आडव्या अक्षाला १० आणि ११० वर छेदेल. तिसऱ्या पायरीतल्याच आयगेनव्हॅल्यू, आणि तसं असणं भागच होतं: आडव्या अक्षावर शिअर शून्य असतो आणि आयगेनव्हॅल्यूची अटही तीच आहे.

आता ४५ अंशांचा काप. केंद्रापासून X कडे जाणारी त्रिज्या घड्याळाच्या दिशेने ९० अंश फिरवा. (30, 40) ही सरक (40, −30) होते, बिंदू येतो (100, −30) वर. कोपऱ्यात लिहून ठेवलेले आकडे हेच होते.

इथला सापळा. प्रत्यक्षात काप घड्याळाच्या उलट फिरला, पण वर्तुळावर बिंदू घड्याळाच्या दिशेने गेला. हे गैरसोयीचं वाटतं म्हणून अनेक पुस्तकं वर्तुळावरच्या शिअरचं चिन्ह उलटं घेतात: चौकोनाला घड्याळाच्या दिशेने फिरवू पाहणारा शिअर वर. मग X येतो (90, −40) वर, Y येतो (30, 40) वर, आणि काप व बिंदू दोघं एकाच दिशेने फिरतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. चूक होते ती बिंदू एका पद्धतीने मांडून फिरवायचं दुसऱ्या पद्धतीने यात. गंमत अशी की या चुकीत ११० आणि १० अगदी बरोबर येतात, फक्त दिशा २६.५७ ऐवजी उणे २६.५७ येते. उत्तरपत्रिकेत आकडा जुळल्यामुळे संशयही येत नाही. ओळखायचं कसं? आलेल्या दिशेने मॅट्रिक्सला गुणून पाहा. (2, −1) ला गुणलं तर (140, 50) येतं, ते (2, −1) च्या रेषेत नाही. मग दिशा चुकली.

दिशा नुसती डोळ्यांनीही तपासता येते. x आणि y दोन्हींकडे ओढ आहे आणि धन शिअर चौकोनाला उजवीकडे वरच्या कोपऱ्याच्या दिशेने ताणतोय. सर्वांत जास्त ओढ त्याच बाजूच्या चतुर्थांशात असायला हवी, खाली उजवीकडे नाही.

## ५. कोन दुप्पट का होतो

आता परीक्षकांचा प्रश्न. मॅट्रिक्समधून केंद्र बाजूला काढा:

```
| 90  40 |        | 1  0 |        | 0.6   0.8 |
| 40  30 |  = 60  | 0  1 |  + 50  | 0.8  -0.6 |
```

पहिला तुकडा n ला नुसता ६० पट करतो, वळवत नाही. दुसऱ्या तुकड्यातलं मॅट्रिक्स काय करतं ते दोन व्हेक्टर घालून पाहा. (2, 1) घातला की (2, 1) च बाहेर येतो. (1, −2) घातला की (−1, 2) येतो, म्हणजे उलटा. एका दिशेला हात लावायचा नाही आणि तिच्या काटकोनातली दिशा उलटी करायची, हे काम आरसा करतो. (2, 1) च्या रेषेवर उभा केलेला आरसा.

तर कोणत्याही कापावरचं ट्रॅक्शन म्हणजे ६० पट n, अधिक ५० पट n चं आरशातलं प्रतिबिंब. बस्स. स्ट्रेस मॅट्रिक्सचा द्विमितीतला सगळा कारभार या एका वाक्यात बसतो, आणि कोणत्याही सममित २×२ मॅट्रिक्सचे असेच दोन तुकडे पडतात.

आता तुम्ही काप फिरवता. n दहा अंश पुढे गेला की आरशातलं प्रतिबिंब दहा अंश मागे येतं. आरशासमोर उभं राहून हात आरशाकडे नेऊन पाहा, प्रतिबिंबातला हात विरुद्ध दिशेने, तुमच्याकडे सरकतो. n वर उभं राहून प्रतिबिंबाकडे पाहिलं तर ते वीस अंश सरकलेलं दिसेल. नॉर्मल स्ट्रेस आणि शिअर आपण n च्याच चौकटीत मोजतो, म्हणजे n वर उभं राहूनच पाहतो. म्हणून दुप्पट. आणि प्रतिबिंब मागे येतं म्हणून वर्तुळावर बिंदू उलट दिशेने फिरतो.

सूत्रात लिहायचं तर, आरसा α कोनात असेल तर n पासून प्रतिबिंबापर्यंतचा कोन 2α − 2θ असतो, आणि

```
σ = 60 + 50 cos(2α - 2θ)
τ =      50 sin(2α - 2θ)
```

हे वर्तुळाचं समीकरण आहे: केंद्र पहिल्या तुकड्यातून आलं, त्रिज्या दुसऱ्यातून, आणि आरसा जिथे उभा आहे ती प्रिन्सिपल दिशा. ऑटो मोहरने १८८२ मध्ये हे वर्तुळ मांडलं तेव्हा ते हाताने आकडेमोड करण्याचं साधन होतं. कुल्मानने अशीच रचना त्याआधी, १८६६ मध्ये वापरली होती. आज आकडे काढायला वर्तुळाची गरज नाही. ते काढायचं ते हा आरसा दिसावा म्हणून.

## ६. कॅल्क्युलेटरवर कोन काढताना

पुस्तकात सूत्र असतं: tan 2θ = 2τ / (σx − σy). आपल्या उदाहरणात 80/60, म्हणून 2θ = ५३.१३ आणि θ = २६.५७. जुळलं.

आता x आणि y ची अदलाबदल करा: σx = ३०, σy = ९०, शिअर ४० च. कॅल्क्युलेटर 80/(−60) वरून उणे ५३.१३ देतो, म्हणजे θ = −२६.५७. ही ११० ची दिशा नाही, ही १० ची आहे. ११० ची दिशा आहे ६३.४३ अंश. उलट टॅन फक्त उणे ९० ते ९० मधलंच उत्तर देऊ शकतो, आणि भागाकार केला की अंश-छेदांची वेगवेगळी चिन्हं हरवतात. छेद ऋण असेल तर 2θ मध्ये १८० मिळवा, किंवा `atan2(2*τ, σx - σy)` वापरा, ते चिन्हं स्वतः सांभाळतं.

आयगेनव्हेक्टरने दिशा काढली तर हा घोटाळा होतच नाही, कारण दिशा आणि आकडा जोडीनेच येतात. म्हणून दिशा महत्त्वाची असेल तेव्हा मी टॅनच्या सूत्राच्या वाटेला जात नाही.

## ७. प्लेटच्या प्रतलातला सर्वाधिक शिअर

वर्तुळाचा सर्वांत उंच बिंदू: (60, 50). शिअर ५०, म्हणजे त्रिज्या, म्हणजे दोन आयगेनव्हॅल्यूंच्या फरकाचा निम्मा. वर्तुळावर हा बिंदू ११० पासून ९० अंशांवर आहे, म्हणून प्रत्यक्षात काप प्रिन्सिपल दिशेपासून ४५ अंशांवर: लंब −१८.४३ अंशांना किंवा ७१.५७ अंशांना. पहिल्यावर शिअर +५०, दुसऱ्यावर −५०. मोठेपणा तोच.

नवखे लोक एक गोष्ट गृहीत धरतात, की प्रिन्सिपल प्रतलावर शिअर शून्य तसा सर्वाधिक शिअरच्या प्रतलावर नॉर्मल स्ट्रेसही शून्य असणार. तसं नसतं. तिथे ६० मेगापास्कल ओढ आहेच, आणि आकृती काढताना तोही बाण दाखवायचा असतो.

## ८. तिसरं शून्य परत येतं

आता पहिल्या पायरीत बाजूला ठेवलेला z. मॅट्रिक्स ३×३ आहे, तेव्हा त्याच्या आयगेनव्हॅल्यू तीन: ११०, १० आणि ०. तिसरी प्रिन्सिपल दिशा प्लेटला लंब.

सातव्या पायरीत आपण फक्त प्लेटला काटकोनात असलेले काप घेतले, म्हणजे चाकू सरळ उभा धरून. चाकू तिरपा धरला तर? तीन आयगेनव्हॅल्यूंच्या प्रत्येक जोडीचं स्वतःचं एक वर्तुळ असतं: ११० आणि १० चं आपण काढलं, १० आणि ० चं अगदी छोटं, आणि ११० आणि ० चं सर्वांत मोठं. मोठ्याची त्रिज्या ५५. खरा सर्वाधिक शिअर ५५ आहे, ५० नव्हे.

विश्वास बसत नसेल तर दुसऱ्या पायरीसारखंच गुणून पाहा. लंब ११० च्या दिशेने निम्मा आणि z च्या दिशेने निम्मा झुकवा:

```
n = (0.632, 0.316, 0.707)
t = S n = (69.6, 34.8, 0)
n · t = 55
|t| = 77.8
τ = √(77.8² - 55²) ≈ 55
```

इथे फरक दहा टक्क्यांचाच आहे, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण पातळ भिंतीचं दाबाखालचं सिलिंडर घ्या. त्याच्या घेरात जेवढा स्ट्रेस येतो त्याच्या निम्मा लांबीच्या दिशेने येतो. समजा १२० आणि ६०. भिंतीच्या प्रतलातलं वर्तुळ काढलं तर शिअर ३० येतो. बाहेरच्या पृष्ठावर तिसरी आयगेनव्हॅल्यू शून्य, म्हणून खरा शिअर ६०. बरोबर दुप्पट. धातू कधी हार मानतो हे सांगणारा ट्रेस्काचा १८६४ चा निकष सर्वाधिक शिअरवरच उभा आहे, त्यामुळे इथे चुकलात तर कागदावरचा सुरक्षा गुणांक दुप्पट दिसेल आणि प्रत्यक्षात तो तेवढा नसेल. माझ्या एका असाइनमेंटमध्ये मी हेच केलं होतं. शेजारच्या मुलाची उत्तरं माझ्या बरोबर निम्मी आली आणि मी त्यालाच समजावत बसलो होतो.

चुकायचं नसेल तर सवय एकच: तिन्ही आयगेनव्हॅल्यू, शून्यासकट, उतरत्या क्रमाने लिहा आणि पहिल्यातून शेवटची वजा करून निम्मी करा. प्रतलातल्या दोन्ही किमतींची चिन्हं सारखी असतील तर शून्य एका टोकाला जातं आणि उत्तर बदलतं. चिन्हं विरुद्ध असतील तर शून्य मध्ये बसतं, आणि सातव्या पायरीचंच उत्तर खरं ठरतं.

## ९. संगणकावर पडताळा

```python
import numpy as np
S = np.array([[90, 40, 0],
              [40, 30, 0],
              [0,  0,  0]], dtype=float)
assert np.allclose(S, S.T)
w, V = np.linalg.eigh(S)
print(w)                   # 0, 10, 110
print((w[-1] - w[0]) / 2)  # 55
```

`eigh` हे सममित मॅट्रिक्ससाठीचं फंक्शन आहे आणि किमती चढत्या क्रमाने देतं. `eig` क्रमाची हमी देत नाही, म्हणून ते इथे नको. `assert` ची ओळ मात्र शोभेची नाही. `eigh` डीफॉल्टने मॅट्रिक्सचा फक्त खालचा त्रिकोण वाचतं. वरच्या ४० च्या जागी चुकून ४०० टाइप झालं तरी ते तक्रार न करता ११० च देईल. आणि चूक खालच्या ४० मध्ये झाली तर तितक्याच शांतपणे चुकीचं उत्तर देईल.

आयगेनव्हेक्टर `V` च्या उभ्या स्तंभांत असतात, आडव्या ओळींत नव्हे. शेवटचा स्तंभ (0.894, 0.447, 0) किंवा दोन्ही आकडे ऋण असा दिसेल. दोन्ही एकच. लंब इकडून काढला काय नि तिकडून काढला काय, काप तोच राहतो.

## १०. वर्तुळ कुठे पुरत नाही

आपण z बाजूला ठेवू शकलो कारण z च्या ओळीत शिअर नव्हता, म्हणजे z ही आधीच प्रिन्सिपल दिशा होती. तिथे कर्णावर शून्याऐवजी उणे ७ असता तरी चाललं असतं: तीच तिसरी आयगेनव्हॅल्यू धरायची. पण yz किंवा xz शिअर शून्य नसेल तर x-y चं वर्तुळ काढून मिळणारे आकडे आयगेनव्हॅल्यू नसतात. वर्तुळ सुबक दिसेल, उत्तर चुकलेलं असेल. अशा वेळी क्रम उलटा करा: आधी ३×३ च्या आयगेनव्हॅल्यू काढा, मग त्यांवरून तीन वर्तुळं. कोणताही काप घेतला तरी त्याचा बिंदू मोठ्या वर्तुळाच्या आत किंवा वर आणि दोन छोट्यांच्या बाहेर किंवा वर पडतो.

शेवटी एक प्रयोग, त्याला खडूशिवाय काही लागत नाही. नवा, लांब खडू दोन्ही हातांत धरून वाकू न देता फक्त पिळा. पिळताना पृष्ठभागावर केवळ शिअर असतो, म्हणून मॅट्रिक्सच्या कर्णावर शून्य आणि बाजूला τ. केंद्र शून्यावर, त्रिज्या τ, आयगेनव्हॅल्यू +τ आणि −τ, मध्ये तिसरं शून्य, आणि आरसा ४५ अंशांवर. खडू ओढीला कच्चा आहे, म्हणून तो +τ च्या दिशेला काटकोनात तडकतो आणि तुटलेल्या टोकावर ४५ अंशांचा मळसूत्री काप दिसतो. मऊ पोलादाची कांडी अशीच पिळली तर ती आडवी, सपाट तुटते, कारण ते शिअरला आधी हार मानतं आणि सर्वाधिक शिअरचा काप कांडीला आडवाच असतो. आता दुसरा खडू घ्या आणि उलट्या बाजूने पिळा. τ चं चिन्ह बदललं, आरसा उणे ४५ वर गेला. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहा, मळसूत्राचा फेर उलटा झालेला असतो.